गाडी यायला अजून किती वेळ? घड्याळ शिकणाऱ्या मुलीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुलगी आठ वर्षांची, तिसरीत शिकणारी. तिचं नाव इथे बदलून मीरा ठेवलं आहे. मावशीबरोबर ती आईला घ्यायला स्टेशनवर आली होती. आईची गाडी ५:१० ची.

मीराला घड्याळ अगदीच येत नव्हतं असं नाही. चार, सव्वाचार, साडेचार, पावणेपाच ती तबकडी बघून सांगायची. मिनिटं पाच-पाचने मोजता यायची, हातच्याची वजाबाकी यायची. शाळेतल्या घड्याळाच्या धड्यात तिची जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर आली होती. त्यामुळे हिला घड्याळ कळतं असंच घरी सगळे धरून चालले होते.

फलाटावरचं घड्याळ मात्र घरच्यासारखं नव्हतं. त्यावर आकडे नव्हते. तासाला जाड रेघ आणि मिनिटाला बारीक रेघ, एवढंच. स्टेशनवर अशा तबकड्या पुष्कळ दिसतात. हान्स हिल्फिकर यांनी १९४४ साली स्विस रेल्वेसाठी केलेली तबकडीही अशीच, बिनआकड्यांची आहे. लांबून नजर टाकणाऱ्याला काट्यांची दिशा पुरते. पण शिकणारं मूल आकड्यांवर विसंबलेलं असतं, आणि तो आधार इथे एकदम सुटतो.

काय घडलं

दोघी फलाटावर पोचल्या तेव्हा घड्याळात ४:३८ झाले होते. मीराने वरच्या जाड रेघेपासून पाच, दहा, पंधरा असं मोजत पस्तीस गाठले, पुढच्या तीन बारीक रेघा मोजल्या आणि "अडतीस" म्हणाली. मग लहान काट्याकडे पाहिलं. तो पाचच्या रेघेजवळ होता. "पाच वाजून अडतीस मिनिटं," तिने जोडून वाचलं, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "मावशी, आईची गाडी येऊन गेली!"

मिनिटं बरोबर होती, तास चुकला होता. ४:३८ चे ५:३८ झाले होते.

चूक नेमकी कुठे होती

तासकाटा एका तासात एका जाड रेघेपासून पुढच्या जाड रेघेपर्यंत जातो. त्या दोन रेघांमध्ये चार बारीक रेघा असतात, म्हणजे पाच घरं. तासकाट्याला एक घर ओलांडायला बारा मिनिटं लागतात. अडतीस मिनिटांत तो तीन घरं ओलांडून जरासा पुढे गेलेला असतो. म्हणून ४:३८ ला तो चारपासून लांब आणि पाचच्या जवळ दिसतो. "जवळचा आकडा वाचायचा" हा नियम डोक्यात असलेलं मूल इथे पाचच म्हणणार.

आता प्रश्न असा की हा नियम डोक्यात असूनही शाळेत तिची उत्तरं बरोबर कशी आली? या प्रकरणात सगळ्यात नीट समजून घ्यावा असा भाग हाच आहे.

सव्वाचारला तासकाटा चारजवळ असतो. जवळचा आकडा चार, आणि शब्दातही चारच. उत्तर बरोबर. पावणेपाचला काटा पाचजवळ असतो, आणि आपल्या बोलण्यातही येणाऱ्या तासाचंच नाव आहे. मूल जवळचा आकडा वाचतं, पुढे "पावणे" लावतं, आणि उत्तर पुन्हा बरोबर. साडेचारला काटा बरोबर मधे असतो. तिथे मूल थोडं चाचरतं, पण दोनांतला अलीकडचा घ्यायचा हे पाठ झालेलं असतं. म्हणजे पूर्ण, सव्वा, साडे, पावणे या चारही प्रकारांत चुकीचा नियम बिनबोभाट चालून जातो.

तो उघडा पडतो तो "वाजून" म्हणायची वेळ आली की. "वाजून" म्हणताना पूर्ण झालेला तास घ्यावा लागतो, आणि अर्ध्या तासानंतर तो तास काट्यापासून लांब गेलेला असतो. ४:४५ ला "पावणेपाच" म्हणणारी मीरा त्याच क्षणाला "पाच वाजून पंचेचाळीस मिनिटं" असंही म्हणाली असती, आणि या दोन वाक्यांत तिला काही विसंगती वाटली नसती. तिच्यासाठी दोन्हींत पाच होतेच.

पुठ्ठ्याच्या घड्याळानेही यात भर घातलेली असते. त्याचे दोन काटे सुटे फिरतात. साडेचार दाखवताना बरीच मुलं (आणि घाईत मोठी माणसंही) लहान काटा थेट चारवर ठेवतात आणि मोठा सहावर. खऱ्या घड्याळात असं कधीच दिसत नाही. पण त्यातून मुलाच्या मनात बसतं ते असं, की तासकाटा आकड्यावर बसून राहतो आणि तास संपला की उडी मारून पुढच्या आकड्यावर जातो.

समोर असलेले पर्याय

मावशीपुढे चार वाटा होत्या. पहिली, सरळ सांगून टाकायचं की पावणेपाच व्हायचेत, अजून अर्धा तास आहे. रडवेल्या मुलीसाठी हे सोपं होतं. दुसरी, मोबाइल काढून आकड्यांत वेळ दाखवायची. त्यातून ४:३८ कळले असते, पण ५:१० पर्यंतचं अंतर आकड्यांत दिसत नाही, तबकडीवर दिसतं. तिसरी, कागदावर वजाबाकी मांडायची. चौथी, तबकडीवरच पुढे पुढे चालत जायचं.

मावशीने आधी एकाच वाक्यात भीती घालवली: "गाडी अजून आलेली नाही, तुझा तास चुकलाय, आपण बघू कसा ते." हा निर्णय योग्य होता. आईची गाडी चुकली असं वाटत असताना कोणतंही मूल काट्यांची घरं मोजणार नाही. पण किती वाजलेत आणि किती वेळ उरलाय, हे तिने सांगितलं नाही. हातात बराच वेळ होता, घड्याळ समोर होतं आणि उत्तर जाणून घ्यायला मुलगी अधीर होती.

पहिला टप्पा: तास दुरुस्त करणं

मावशीने मीराला मोठा काटा हाताच्या पंजाने झाकून फक्त लहान काटा बघायला लावला. लांबच्या घड्याळासमोर एक डोळा मिटून पंजा धरला की हे जमतं. मग "किती वाजले?" असं न विचारता तिने दोन प्रश्न विचारले. "कोणती जाड रेघ ओलांडून झाली? कोणती अजून यायची आहे?"

मीराने वरून रेघा मोजल्या. चार ओलांडली होती, पाच यायची होती. "मग पाच वाजले का?" "नाही, वाजायचेत." हा "वाजायचेत" शब्द मीराचा स्वतःचा. मावशीने तोच पकडला: ओलांडलेली रेघ म्हणजे वाजलेला तास, पुढची म्हणजे वाजायचा तास, आणि "वाजून" म्हणताना घ्यायचा तो वाजलेला. मीराने पुन्हा वाचलं, "चार वाजून अडतीस मिनिटं."

एका काट्याने शिकवणं हे काही नवं तंत्र नाही. सुरुवातीच्या बहुतेक यांत्रिक घड्याळांना तासकाटा तेवढा असायचा. १६५६ मध्ये क्रिस्तियान हायगेन्स यांनी लंबकाचं घड्याळ केलं, घड्याळं नेमकी चालू लागली, आणि त्यानंतर मिनिटकाटा सगळीकडे दिसू लागला. तोवर लोक एकाच काट्यावरून, तो दोन तासांच्या मधे कुठे आहे हे बघून, वेळ सांगत होते.

दुसरा टप्पा: ७२ हे उत्तर कुठून आलं

आता गाडीची वेळ. फलाटावरच्या पाटीवर १७:१० लिहिलं होतं. बारा वजा केले की पाच, एवढं सांगितल्यावर ते मीराला पटलं, तिथे फार अडलं नाही. पण "मग किती वेळ उरला?" असं विचारताच तिने मावशीकडून कागद-पेन घेतलं आणि वजाबाकी मांडली. वर ५१०, खाली ४३८. शून्यातून आठ जात नाहीत, हातचा घेतला, दोन उरले. पुन्हा शून्यातून तीन जात नाहीत, पाचकडून हातचा घेतला, दहातून तीन गेले, सात. उत्तर ७२.

वजाबाकी म्हणून यात एकही चूक नाही. चूक दुसऱ्या हातच्यात आहे. पाच तासांतला एक तास सुटा केला की ६० मिनिटं मिळतात, म्हणजे सहा दशक. मीराने सवयीने दहा दशक घेतले. चार दशक जास्त आले, म्हणून उत्तर बरोबर ४० ने फुगलं. खरं उत्तर ३२. तास ओलांडणाऱ्या वजाबाकीत मुलाचं उत्तर नेमकं ४० ने जास्त आलं, तर दुसरीकडे कुठे शोधायची गरज नाही. त्याने तासाची १०० मिनिटं धरलेली असतात.

मावशीने "चूक" असं म्हटलं नाही. तिने विचारलं, "आता चार अडतीस. बरोबर एका तासाने किती वाजतील?" "पाच अडतीस." "गाडी त्याच्या आधी की नंतर?" आधी. म्हणजे एक तासही उरलेला नाही, मग ७२ मिनिटं कशी? मीराने कागदाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि स्वतःच ७२ वर काट मारली.

इथे साठाचा हातचा समजावून देणं शक्य होतं, मावशीच्या मनात तसं आलंही होतं. पण आठ वर्षांच्या मुलाला एकाच मांडणीत एककाचा हातचा दहाचा आणि तासाचा हातचा साठाचा, हे दोन्ही सांभाळायला लावलं की ते फार तर नियम पाठ करतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ७२ येतात.

तिसरा टप्पा: तबकडीवरच्या उड्या

मग कागद बाजूला ठेवला. मोठा काटा आत्ता जिथे आहे तिथून गाडीच्या वेळेपर्यंत थांबत थांबत जायचं ठरलं. ४:३८ पासून ४:४० पर्यंत दोन मिनिटं. ४:४० पासून पाचपर्यंत वीस. पाचपासून ५:१० पर्यंत दहा. दोन, वीस आणि दहा मिळून बत्तीस.

पहिल्या उडीत मीरा एकदा चुकली. ३८, ३९, ४० असं मोजून तिने "तीन" सांगितलं. ज्या रेघेवर उभे आहोत ती मोजायची नाही, पुढची रेघ गाठली की एक. फलाटावरच्या घड्याळाची इथे छान मदत झाली. त्याचा मिनिटकाटा हळूहळू सरकत नव्हता, मिनिट पुरं झालं की ठक्‌कन पुढच्या रेघेवर जात होता. मीराने एक उडी डोळ्यांनी पाहिली आणि "ही उडी म्हणजे एक मिनिट, रेघ नाही" असं स्वतःच म्हणाली.

बत्तीस उत्तर आलं तोवर घड्याळात ४:४४ झाले होते. मीरा "अजून बत्तीस मिनिटं" म्हणून बसून राहिली. मुलांच्या बाबतीत हे हमखास होतं. वहीतलं उदाहरण सुटलं की सुटलं, पण "अजून किती वेळ?" याचं उत्तर सोडवता सोडवताच शिळं होत जातं. मावशीने फक्त घड्याळाकडे बोट केलं. मीराने नव्याने उड्या मारल्या: पावणेपाचपर्यंत एक, तिथून पाचपर्यंत पंधरा, पुढे दहा. सव्वीस. मग तिच्या लक्षात आलं की मधे सहा मिनिटं गेली आणि उत्तरही बत्तीसवरून सहानेच कमी झालं. दोन वाटांनी एकच उत्तर आल्यावर तिने मावशीला न विचारता मान डोलावली.

यात पावणेपाच हा शब्द पुन्हा आला, पण या वेळी वेगळ्या कामाला. मघाशी ज्याने चुकीचा नियम झाकून ठेवला होता, तोच आता थांब्याचं काम करत होता. पावणेपाच म्हणजे पाचला पाव तास कमी, पंधरा मिनिटं, आणि ती मोजावीही लागत नाहीत.

गाडीला उशीर

४:५० ला गाडी पंधरा मिनिटं उशिराने येत असल्याची घोषणा झाली. मीरा उठून उभी राहिली. "पंधरा मिनिटांनी येणार!"

ही चूक मोजण्याची नव्हती, ऐकण्याची होती. "पंधरा मिनिटांनी" आत्तापासून मोजायचं असतं, "पंधरा मिनिटं उशिराने" ठरलेल्या वेळेपासून. मावशीने तिला तिचंच म्हणणं पुढे न्यायला लावलं. आत्ता ४:५०, पंधरा मिनिटांनी ५:०५. ठरलेली वेळ ५:१०. उशीर झालेली गाडी वेळेच्या आधी पाच मिनिटं कशी येईल? मीरा हसली आणि ५:१० वर पंधरा चढवून ५:२५ म्हणाली. मग पाचपर्यंत दहा, पुढे पंचवीस, एकूण पस्तीस.

गाडी ५:२७ ला फलाटावर लागली. आई उतरताच मीराने तिला आधी सांगितलं ते दोन मिनिटं आणखी उशीर झाल्याचं.

नंतरचे दिवस

घरी गेल्यावर तासकाट्याची सवय पक्की करायची ठरलं. भिंतीवरच्या जुन्या सेलच्या घड्याळाची काच काढली, सेकंदकाटा सरळ वर ओढून काढला, मिनिटकाट्याची बारीक चकती सोडवून तोही काढला. आत फक्त तासकाटा उरला आणि घड्याळ चालू राहिलं. मीराने दिवसातून चार-पाच वेळा त्याकडे बघून अंदाज सांगायचा: "चार वाजून गेलेत, पाचच्या जवळ आलंय, म्हणजे पावणेपाचच्या आसपास." खरी वेळ दुसऱ्या घड्याळात बघायची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती दहा मिनिटांच्या आतबाहेर वेळ सांगू लागली.

मिनिटकाटा परत बसवताना एक गडबड झाली. काटा कसाही बसवला, त्यामुळे तासकाटा नेमका तीनवर असताना मिनिटकाटा चारवर दिसू लागला. असं घड्याळ शिकणाऱ्या मुलासमोर अजिबात ठेवू नये, कारण दोन काटे एकमेकांशी खोटं बोलतात. मागची किल्ली फिरवून तासकाटा एखाद्या आकड्यावर अचूक आणायचा, त्याच वेळी मिनिटकाटा बारावर बसवायचा, आणि मगच वेळ लावायची.

आठवड्याने तिला मुद्दाम अर्ध्या तासानंतरच्या वेळा "वाजून" लावून वाचायला दिल्या: ३:४०, ६:५२, ९:३५, १२:५०. पहिल्या तीन बरोबर आल्या. १२:५० ला ती "एक पन्नास" म्हणाली. बारानंतर तेरा न येता पुन्हा एक येतो, तिथे वाजलेला तास वाजायच्या तासापेक्षा मोठा दिसतो, म्हणून जुना नियम सगळ्यात शेवटी या जागेवर तग धरून राहतो. या एका तासासाठी वेगळा सराव द्यावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

मीराने ७२ लिहिण्याआधी डोळ्यांनी अंदाज घ्यायला लावायला हवा होता. मोठा काटा ३८ वर असताना त्याच्या बरोबर समोरची रेघ आठची. तिथे पोचायला अर्धा फेरा, म्हणजे तीस मिनिटं. गाडी दहावर, म्हणजे आणखी दोन. आकडेमोडीला हात न लावता बत्तीस नुसते दिसतात. हे आधी झालं असतं तर ७२ कागदावर येताच खटकले असते, मावशीला प्रश्न विचारावा लागला नसता.

दुसरं, शाळेतल्या तपासणीबद्दल. घड्याळाच्या चाचणीत पूर्ण, सव्वा, साडे, पावणे एवढंच असेल, तर तासकाटा कळलेलं आणि न कळलेलं मूल त्यात सारखंच दिसतं. ३:४० सारखी एक वेळ "वाजून" लावून विचारली की फरक लगेच कळतो. मीराच्या बाबतीत तो फलाटावर कळला.

उड्यांची पद्धत मात्र बदलायची गरज वाटली नाही. आई परत जाताना गाडी दुपारी १:०५ ची होती आणि घड्याळात ११:४८ झाले होते. उभ्या मांडणीत इथे १०५ मधून ११४८ वजा करायची वेळ आली असती. मीराने बोट हवेत फिरवत मोजलं: बारापर्यंत बारा मिनिटं, एकपर्यंत एक तास, पुढे पाच. "एक तास सतरा मिनिटं," ती म्हणाली. मग क्षणभर थांबून तिने तपासलं: एका तासाने ११:४८ चे १२:४८ होतील, गाडी त्याच्या नंतरची आहे, म्हणजे या वेळी उत्तर तासापेक्षा जास्त यायलाच हवं.